पहिली मधपेटी घेताना मोजपट्टी सोबत ठेवा

रंग-पॉलिश नंतर बघा. आधी माश्या जिच्यात पोळं बांधतात ती लाकडी चौकट पेटीत टांगा आणि तिची बाजूची पट्टी व पेटीची भिंत यांतलं अंतर मोजा. ते ६ ते ९ मिलिमीटर हवं. कमी असेल तर माश्या ती फट राळेने बुजवतात, जास्त असेल तर तिथे वेडंवाकडं पोळं बांधतात. मग चौकट उचलताना पोळं फाटतं, कधी राणीही चिरडते. ओलं लाकूड सुकताना आकसतं आणि नेमकं हेच अंतर बिघडतं, म्हणून पूर्ण वाळवलेलंच लाकूड घ्या. रंग फक्त बाहेरून. त्याच मापाच्या सुट्या चौकटी पुढेही देणारा विक्रेता निवडा. पेटी हाताळताना आपल्या चेहऱ्यावर घ्यायची जाळी काळी घ्या, आरपार स्पष्ट दिसतं. ती गालाला टेकली तर जाळीतूनही डंख बसतो, त्यामुळे रुंद काठाची टोपी हवीच.