पावसाळ्यानंतर चार्ज न होणारी बॅटरी

१८ व्होल्टची ड्रिलची बॅटरी चार महिने माळ्यावर होती. आता चार्जरवर लावली की दिवा नुसता लुकलुकतो. गेली का? (गुहागर)

एवढ्यावरून सांगता येत नाही. आधी टोकं पाहा. खाऱ्या हवेने हिरवट थर आला असेल तर बॅटरी चार्जरवरून काढून कोरड्या फडक्याने पुसा, पॉलिशपेपर लावू नका. पत्र्याखाली तापलेली असेल तर तासभर सावलीत ठेवून पुन्हा लावा, कारण गरम बॅटरी चार्जर घेतच नाही. तरीही तेच झालं तर सर्व्हिस सेंटर गाठा.

मीटरवर १३.४ व्होल्ट दिसतात. भरलेल्या बॅटरीला दोन वायरी जोडून ही 'जागी' करता येते, असं व्हिडिओत पाहिलं. करू का? (मालवण)

नका करू. हा सल्ला मला दर ऑक्टोबरला ऐकू येतो आणि दर वेळी काळजी वाटते.

१८ व्होल्टच्या लिथियम बॅटरीत पाच सेल एकापाठोपाठ जोडलेले असतात. १३.४ भागिले पाच म्हणजे सेलमागे २.७ व्होल्ट, हे वाचून हायसं वाटेल. पण ती फक्त सरासरी आहे. चार सेल ३.०५ वर आणि पाचवा १.२ वर असला, तरी बेरीज १३.४ च येते. संरक्षक सर्किट साधारण २.५ व्होल्टच्या आसपास टूलचा पुरवठा तोडतं, पण स्वतः कणाकणाने वीज खात राहतं. काही बॅटऱ्यांत ते एकाच सेलमधून जास्त ओढतं, म्हणून तोच आधी बसतो.

सेल फार काळ दोन व्होल्टच्या बराच खाली राहिला की आतल्या तांब्याच्या पत्र्यातलं तांबं विरघळू लागतं. चार्ज करताना ते भलत्याच जागी साचतं आणि सेल आतून शॉर्ट होऊ शकतो, कधी लगेच, कधी काही चार्जनंतर. म्हणून चांगला चार्जर आधी अगदी कमी करंट देऊन व्होल्टेज चढतं का ते बघतो, नाही चढलं तर थांबतो. तुमच्या दोन वायरी नेमकी हीच तपासणी चुकवतात, वर करंटला आवरही नसतो. लाकडी घरात, रात्रभर चार्जिंगला लावून, हा धोका कशाला?

प्रत्येक सेल वेगळा मोजून घ्या. ते काम बॅटरीचं कवच उघडून करावं लागतं, तेव्हा माहीतगाराकडूनच.

दुकानदार एकच खराब सेल बदलून देतो म्हणतो, स्वस्तात. (रोहा)

घेऊ नका. नवा सेल जुन्या चारांशी जुळत नाही आणि संच पुन्हा बिघडतो. शिवाय काही सर्किटं एकदा बिघाड नोंदवला की कायमची बंद होतात, मग नवे सेल घालूनही चार्ज होत नाही. पाचही सेल बदलणार का आणि सर्किट तपासणार का, हे पैसे देण्याआधी विचारा.

पुढच्या पावसाळ्यासाठी कशी ठेवू? (दापोली)

निम्मी चार्ज करून, टूल आणि चार्जर दोन्हींपासून काढून, खालच्या थंड कोरड्या खोलीत. दोन महिन्यांनी दिवे पाहा, एकच लागला तर पुन्हा निम्मी भरा.