परत आलेल्या काजूगराची क्रेडिट नोट

प्रश्न: वेंगुर्ल्याच्या दुकानदाराने ५० किलोपैकी ५ किलो काजूगर ओलसर म्हणून परत पाठवले. जुनं बिल फाडून नवं करू का? क्रेडिट नोटवर काय लिहू?

फाडू नका, मूळ बिल तसंच ठेवून फक्त ५ किलोची क्रेडिट नोट काढा. बिल एकदा रिटर्नमध्ये गेलं की विक्री आणि कर कमी करायचा कागद हाच, आणि जीएसटी कायद्याच्या कलम ३४ नुसार तो विकणाऱ्यानेच काढायचा. दुकानदाराने पाठवलेल्या डेबिट नोटवर तुमचा कर कमी होत नाही (इथेच बरेच जण फसतात). ८०० रुपये दर आणि ५% कर धरून मजकूर असा:

"बिल क्र. ११८, दि. १२-५-२०२५ मधील काजूगर ५ किलो ओलसर असल्याने परत. किंमत ४,००० रु., सीजीएसटी १०० रु., एसजीएसटी १०० रु. एकूण ४,२०० रु. आपल्या खाती जमा."

वर नोटचा स्वतःचा क्रमांक, तारीख, दोघांचे जीएसटी नंबर हवेतच. माल परत न येता दरच जास्त लागला असेल, तर कारणाच्या जागी "दर ८०० ऐवजी ८५० लागला" असं लिहून फरकापुरतीच नोट काढा. मात्र दुकानदाराने त्या २०० रुपयांचं क्रेडिट घेतलं असेल तर त्याला ते उलटवावं लागतं, आणि या बिलाची नोट ३० नोव्हेंबर २०२६ किंवा तुमचं वार्षिक रिटर्न, यात जे आधी येईल तोवर दाखवायला हवी.