टिपणांतले मुद्दे आणि इतिवृत्तातले परिच्छेद

प्रश्न : मी यंदा आमच्या गृहनिर्माण सोसायटीची सचिव झाले आहे. व्यवस्थापन समितीच्या सभेत मी भराभर मुद्दे टिपून घेते, पण नंतर समितीला पाठवण्यासाठी सलग परिच्छेदांत इतिवृत्त लिहायला बसले की एकतर तेच मुद्दे "आणि", "तसेच" लावून जोडले जातात किंवा नुसता पाल्हाळ होतो. मुद्द्यांचे नीट परिच्छेद कसे करावेत?

उत्तर :

अडचण भाषेची वाटते, पण बहुतेक वेळा ती भाषेची नसते. टिपणातल्या मुद्द्याला कर्ता नसतो, क्रियापद नसते आणि कारणही नसते. सभेत बसलेल्या माणसाला या तिन्ही गोष्टी ठाऊक असतात, म्हणून त्याचे काम अर्ध्या शब्दात भागते. परिच्छेद लिहायचा म्हणजे या गाळलेल्या जागा भरायच्या, आणि त्या केवळ सभेत प्रत्यक्ष घडलेल्या गोष्टींनीच भरायच्या. एखादी जागा भरता येत नसेल तर वाक्य गुळगुळीत करून ती झाकू नये. अध्यक्षांना किंवा खजिनदारांना विचारून घ्यावे. हे काम सभा संपली त्याच रात्री किंवा दुसऱ्या दिवशी करावे, कारण आठवडाभराने आपलेच टिपण आपल्याला परके वाटू लागते.

बहुतेक सोसायट्यांत पावसाळ्याच्या तोंडावर हमखास निघणारा विषय उदाहरणादाखल घेतो. समजा, टिपण असे आहे :

– गच्ची गळती, ब विंग, 701, 702, परत तक्रार
– 3 कोटेशन : 3.90 (गॅरंटी नाही), 4.80 (5 वर्षे), 5.35 (7 वर्षे)
– स्वस्तातले घ्या / नको, गॅरंटी हवी
– दुरुस्ती निधी 6.12
– ठरले : मधला. दर कमी करून घेणे
– एकांचा विरोध, आधी इंजिनियरला दाखवा
– पावसाआधी

पहिले काम म्हणजे या मुद्द्यांचा क्रम बदलणे. सभेत बोलणे ज्या क्रमाने झाले त्या क्रमाने इतिवृत्त लिहिण्याची गरज नसते. विषय कोणी मांडला, समितीसमोर कोणती कागदपत्रे व आकडे होते, चर्चेत कोणती मते आली, काय ठरले, आणि ते कोणी, केव्हापर्यंत करायचे, हा क्रम प्रत्येक विषयाला ठेवला की अर्धा पाल्हाळ आपोआप गळून पडतो. वरच्या टिपणात निधीचा आकडा मतांच्या नंतर आला आहे, कारण खजिनदारांना पासबुक उघडायला वेळ लागला असेल. परिच्छेदात त्याची जागा दरपत्रकांच्या शेजारी आहे.

दुसरे काम आकड्यांचे. "4.80" म्हणजे चार लाख ऐंशी हजार हे आज सर्वांना माहीत आहे, तीन वर्षांनी लेखापरीक्षकाला किंवा नव्या समितीला ते माहीत असेलच असे नाही. म्हणून रक्कम पूर्ण लिहावी. त्याहून महत्त्वाचे म्हणजे ती रक्कम जीएसटी धरून आहे की वगळून, हे या टिपणात कुठेच नाही. 18 टक्के कर धरला तर 4,80,000 रुपयांवर 86,400 रुपये वाढतात आणि एकूण खर्च 5,66,400 रुपये होतो. निधीत 6,12,000 रुपये असल्याने तो त्यात बसतो. पण तिसरे दरपत्रक, म्हणजे 5,35,000 रुपयांचे, कर धरता 6,31,300 रुपयांवर जाते आणि निधीबाहेर पडते. मुद्द्यात लपून राहिलेली ही गोष्ट वाक्य लिहू लागताच समोर येते. दरपत्रकाचा कागद उघडून खात्री करावी आणि मगच वाक्य पूर्ण करावे.

तिसरे काम सर्वांत नाजूक आहे, आणि नवे सचिव नेमके तिथेच फसतात. परिच्छेद सलग वाटावा म्हणून आपण "असल्याने", "त्यामुळे", "म्हणून", "तथापि" हे शब्द घालतो. मुद्दे नुसते एकाखाली एक लिहिलेले असतात. हे जोडशब्द मात्र त्यांच्यात कार्यकारणाचे नाते लावतात. "पहिल्या दरपत्रकात हमी नसल्याने ते नाकारण्यात आले" असे लिहिले, तर समितीने त्या कारणासाठी ते नाकारले असे विधान झाले. उद्या तो ठेकेदार किंवा एखादा सभासद उपनिबंधकांकडे तक्रार घेऊन गेला, तर समितीची बाजू याच वाक्यावर उभी राहणार किंवा पडणार. सभेत ते कारण खरोखर बोलले गेले असेल तर जरूर लिहावे. बोलले गेले नसेल तर दोन वस्तुस्थिती शेजारी शेजारी ठेवून पूर्णविराम द्यावा. वाक्य थोडे तुटक वाटले तरी चालेल.

आता "ठरले : मधला" या मुद्द्याकडे पाहू. यात क्रियापदच नाही, आणि सगळी मेख तिथेच आहे. दुरुस्तीवर समितीने स्वतःच्या अधिकारात किती खर्च करावा याची मर्यादा सोसायटीच्या उपविधींत सभासदसंख्येनुसार घालून दिलेली असते. त्यापलीकडच्या खर्चाला सर्वसाधारण सभेची मंजुरी लागते. जवळपास पाच लाखांचे काम बहुतेक सोसायट्यांत या मर्यादेबाहेर जाते. तेव्हा समितीने दरपत्रक "मंजूर केले" असे लिहिणे म्हणजे तिने आपल्या अधिकाराबाहेर निर्णय घेतल्याची लेखी कबुलीच होय. सभेत बोलताना सगळेच "मंजूर" म्हणतात, पण त्यांना अभिप्रेत बहुधा शिफारस असते. आपल्या उपविधींची प्रत काढून मर्यादा पाहावी, अध्यक्षांशी बोलून नेमके काय ठरले ते निश्चित करावे, आणि मग "शिफारस करण्यात आली", "मंजुरी देण्यात आली" किंवा "निर्णय पुढील सभेवर ठेवण्यात आला" यांपैकी योग्य तेच लिहावे.

हे सगळे करून झाले की लेखन असे उतरते :

"विषय क्र. 4 : ब विंगच्या गच्चीतून होणारी पाणीगळती. ब विंगच्या गच्चीतून सदनिका क्र. 701 व 702 मध्ये पाणी झिरपत असल्याबाबत संबंधित सभासदांचे तक्रार अर्ज सचिवांनी समितीसमोर ठेवले. गच्चीच्या वॉटरप्रूफिंगसाठी तीन ठेकेदारांकडून अनुक्रमे रु. 3,90,000, रु. 4,80,000 व रु. 5,35,000 अशी दरपत्रके प्राप्त झाली असून या सर्व रकमा जीएसटी वगळून आहेत. दुसऱ्या दरपत्रकात पाच वर्षांची व तिसऱ्यात सात वर्षांची हमी नमूद आहे; पहिल्या दरपत्रकात हमीचा उल्लेख नाही. दुरुस्ती व देखभाल निधीत रु. 6,12,000 शिल्लक असल्याचे खजिनदारांनी सांगितले.

चर्चेत सर्वांत कमी दराचे दरपत्रक स्वीकारावे असे एक मत मांडण्यात आले, तर हमीशिवाय काम देऊ नये असे मत अन्य सदस्यांनी व्यक्त केले. काम देण्यापूर्वी स्ट्रक्चरल इंजिनियरकडून गच्चीची पाहणी करून घ्यावी, अशी सूचना एका सदस्याने केली.

ठराव क्र. 4 : ब विंगच्या गच्चीच्या वॉटरप्रूफिंगसाठी रु. 4,80,000 अधिक जीएसटी या रकमेचे दरपत्रक सर्वसाधारण सभेच्या मंजुरीसाठी शिफारस करण्यात येत आहे. दर कमी करण्याबाबतची बोलणी सचिव व खजिनदार यांनी 20 एप्रिलपर्यंत पूर्ण करून समितीस कळवावे, तसेच काम पावसाळ्यापूर्वी पूर्ण व्हावे या दृष्टीने विशेष सर्वसाधारण सभेची सूचना सचिवांनी काढावी. ठराव बहुमताने संमत : बाजूने 6, विरोधात 1."

ठरावाखाली आपल्या प्रथेप्रमाणे सूचक व अनुमोदक यांची नावे येतील. आता टिपणाशी ताडून पाहावे. "परत तक्रार" मधला "परत" मी गाळला आहे, कारण आधीचा अर्ज दप्तरात सापडला तरच "यापूर्वी अमुक तारखेस" असे लिहिता येईल. "20 एप्रिल" ही तारीख टिपणात नव्हती. ती अध्यक्षांना विचारून घालायची, मनाने नाही. मतदानाचे आकडेही तसेच. टिपणात "एकांचा विरोध" एवढेच असल्याने हजेरीच्या सह्यांवरून आणि कोणी तटस्थ होते का हे विचारून ते पक्के करावे लागतात. कोणी विरोध केला हे नावानिशी लिहावे की नाही, हे त्या सदस्यावर सोडावे. आपला विरोध नोंदवावा असे त्यांनी सभेत सांगितले असेल, तर नाव आणि कारण दोन्ही त्यांच्याच शब्दांच्या जवळपास जाणाऱ्या शब्दांत यायलाच हवे. तसे सांगितले नसेल तर आकडा पुरेसा आहे.

"करण्यात आले", "ठरविण्यात आले" ही कर्मणी रचना इतिवृत्तात सर्रास वापरतात आणि निर्णयापुरती ती योग्यही आहे, कारण निर्णय संपूर्ण समितीचा असतो. नेमून दिलेल्या कामाला मात्र ती कधीही लावू नये. "ठेकेदाराशी बोलणी करण्यात येतील" या वाक्यात बोलणी कोण करणार हे नाही, आणि पुढच्या सभेत सगळे एकमेकांकडे बघत बसतात. कामाच्या वाक्यात पद आणि तारीख दोन्ही हवीत.

विशेषणांबाबत थोडक्यात सांगतो. "प्रदीर्घ चर्चेअंती", "कडाडून विरोध", "खेळीमेळीच्या वातावरणात" हे सगळे वर्तमानपत्री बातमीत शोभते. इतिवृत्तात त्याने काहीच सिद्ध होत नाही. उलट "कडाडून" या एका शब्दावरून पुढची सभा अर्धा तास अडल्याचे मी पाहिले आहे.

प्रत्येक मुद्द्याचा परिच्छेद झालाच पाहिजे असा मात्र आग्रह धरू नये. उपस्थितांची नावे, थकबाकीदारांचे आकडे, मंजूर झालेली बिले हे तक्त्यातच ठेवावे. त्यांची वाक्ये केली तर वाचणारा हरवतो. थकबाकीविषयी टिपणात "304, नोटीस?" असे प्रश्नचिन्हासह लिहिलेले असेल तर विशेष जपावे. त्या प्रश्नचिन्हाचा अर्थ नोटीस द्यावी का अशी नुसती चर्चा झाली असाही होतो, आणि नोटीस कोणी द्यायची ते ठरायचे राहिले असाही होतो. दुसरा अर्थ धरून इतिवृत्त लिहिले आणि त्याच्या आधारे नोटीस गेली, तर संबंधित सभासद ठराव दाखवा म्हणून उभा राहील.

लिहून झाल्यावर मसुद्यावर "मसुदा" असे ठळक लिहून तो समिती सदस्यांना पाठवावा आणि हरकतींसाठी ठरावीक तारीख द्यावी. आलेली दुरुस्ती वस्तुस्थितीची असेल, म्हणजे चुकलेली रक्कम किंवा राहिलेले नाव, तर ती तिथेच करावी. "मी असे म्हणालो होतो, पण आता तसे वाटत नाही" अशा स्वरूपाची दुरुस्ती घेऊ नये. ते नवे मत पुढच्या सभेत मांडता येते. पुढील सभेत इतिवृत्त वाचून कायम झाल्यावर आणि अध्यक्षांची सही झाल्यावर त्यात खाडाखोड करायची नाही. नंतर चूक आढळली तर ती त्या वेळच्या सभेच्या इतिवृत्तात, मूळ ठरावाचा क्रमांक व तारीख देऊन, स्वतंत्र परिच्छेदात नोंदवावी. आणि सभेतले मूळ टिपण इतिवृत्त कायम होईपर्यंत फाडून टाकू नये.