आठ दिवसांत ‘तीव्र’चं ‘किंचित’ कसं झालं?

*मॅडम, मी मानसशास्त्रात एम.ए.च्या दुसऱ्या वर्षाला आहे आणि मला शाळेत समुपदेशक व्हायचं आहे. वर्गात आम्ही ‘लिंग आणि करिअर’ची आयएटी, म्हणजे मनातल्या नकळत जोड्या तपासणारी चाचणी, ऑनलाइन दिली. माझा निकाल आला: पुरुष-करिअर, स्त्री-कुटुंब अशी ‘तीव्र’ सांगड. आठ दिवसांनी पुन्हा दिली तर ‘किंचित’. मुलींना करिअरबद्दल सल्ला द्यायला मी लायक आहे का? इंटर्नशिपच्या अर्जात हा निकाल प्रामाणिकपणे लिहू का?*

अर्जात लिहू नकोस. यात लपवाछपवी नाही. एका माणसाबद्दल काही ठरवावं इतकं बळ त्या आकड्यात नाही, आणि निवड करणाऱ्याला मात्र तो पक्का वाटेल.

चाचणीत तू काय केलंस ते आठव. एका फेरीत पुरुषांची नावं आणि नोकरीचे शब्द एका कळीवर, स्त्रियांची नावं आणि घरचे शब्द दुसरीवर; E आणि I या दोन कळा. दुसऱ्या फेरीत जोड्या उलट. संगणकाने तुझी मतं विचारली नाहीत, फक्त वेळ मोजला. समजा पहिल्या जोडीत तुला सरासरी ७८० मिलिसेकंद लागले आणि उलट जोडीत ९६०. फरक १८०. तुझ्या सगळ्या उत्तरांच्या वेळांचं प्रमाण विचलन २७० धरलं, तर भागाकार ०.६७. हाच ‘डी’ गुण. ०.१५ च्या पुढे ‘किंचित’, ०.३५ च्या पुढे ‘मध्यम’, ०.६५ च्या पुढे ‘तीव्र’. आठ दिवसांनी फरक ८० मिलिसेकंदांवर आला की गुण होतो ०.३०. म्हणजे सेकंदाच्या दहाव्या भागाच्या फेरफाराने तुझ्यावरचं लेबल दोन पायऱ्या खाली उतरलं.

एवढा फेरफार का होतो? कोणती जोडी आधी आली यानेही गुण हलतो. आधी एका जोडीची सवय लागते आणि उलट जोडीत बोटं अडखळतात. दुसऱ्यांदा देताना सरावही झालेला असतो. पण मुख्य गोष्ट विश्वसनीयतेची. हीच चाचणी पुन्हा दिल्यावर दोन गुणांमधला सहसंबंध सरासरी ०.५ च्या आसपास येतो. एकट्या व्यक्तीबद्दल निर्णय घ्यायचा असेल तर ०.९ च्या जवळपास हवा, हे तुमच्या मानसमापनाच्या पेपरात असेलच. आता हिशेब कर. समूहात ‘डी’चं प्रमाण विचलन ०.४ धरलं, तर ०.५ विश्वसनीयतेला मापनाची प्रमाण त्रुटी येते ०.२८. ‘किंचित’ची वरची कड ०.३५, ‘तीव्र’ची खालची ०.६५; दोन्हींत अंतर ०.३०. त्रुटी जवळजवळ तेवढीच! तुझ्या दोन निकालांत गूढ काही नाही.

दुसरा प्रश्न अर्थाचा. गुण स्थिर आला असता, तरी तो तुझी वृत्ती झाला असता का? लहानपणापासून तू घराघरांत, पाठ्यपुस्तकांत, जाहिरातींत जे पाहिलंस त्यातून ‘आई-स्वयंपाक’, ‘बाबा-ऑफिस’ अशा जोड्या मनात जवळ बसतात. त्या जवळ असणं आणि तू त्या योग्य मानणं यांत अंतर आहे, आणि चाचणी त्यातलं किती काय मोजते यावर संशोधकांत आजही वाद आहे. वागणुकीशी नातंही क्षीण आहे. चाचणीचे जनक अँथनी ग्रीनवाल्ड आणि सहकाऱ्यांच्या २००९ च्या एकत्रित विश्लेषणात सहसंबंध सरासरी ०.२७ होता, २०१३ मध्ये टीकाकारांनी वंशविषयक अभ्यास तपासले तेव्हा साधारण ०.१५. आधीचा मोठा आकडा धरला तरी वागण्यातल्या फरकाचा जेमतेम ७ टक्के भाग उलगडतो. ज्या प्रोजेक्ट इम्प्लिसिटने ही चाचणी लोकांसाठी ऑनलाइन ठेवली, तेही व्यक्तीचं निदान किंवा निवड करण्यासाठी ती वापरू नका असंच सांगतात.

म्हणून चाचणी फेकून द्यायची असंही नाही. हजारो गुणांची सरासरी काढली की इकडच्या-तिकडच्या त्रुटी एकमेकींना बऱ्याच अंशी खोडतात. २००९ च्या एका अभ्यासात ३४ देशांतले पाच लाखांहून अधिक गुण घेतले होते. ज्या देशात ‘विज्ञान म्हणजे पुरुष’ ही सांगड सरासरीने जास्त, तिथे आठवीच्या विज्ञानात मुलं मुलींच्या अधिक पुढे होती. कारण कोणतं आणि परिणाम कोणता हे त्यातून ठरत नाही, पण ती समाजाबद्दलची खरी माहिती आहे. तुझ्याबद्दलची नाही.

तुझी काळजी मात्र मला रास्त वाटते, कारण समुपदेशकाचा कल मुलीच्या विषयनिवडीपर्यंत पोहोचतो. तो शोधायचा तर तुझ्या प्रात्यक्षिकाच्या नोंदवह्या काढ. सारखे गुण आणि सारखी आवड असलेल्या मुलामुलींना तू कोणते अभ्यासक्रम सुचवलेस, ‘घरापासून लांब जाशील का’ हे कुणाला विचारलंस, शिष्यवृत्तीची माहिती कुणाला दिलीस, ते मोज. मग दहा-बारा नोंदींतून नाव आणि लिंग झाकून त्या नोंदी एखाद्या मैत्रिणीला दे, आणि तिने काय सुचवलं ते तुझ्या सल्ल्याशेजारी ठेव. इंटर्नशिपच्या मुलाखतीत स्वतःच्या पूर्वग्रहाबद्दल विचारलं, तर ही वही पुढे कर.