तेलाचा डबा परवडतो का?

«ताई, भांडुपला वन-बीएचकेमध्ये आम्ही तिघं राहतो. महिन्याला दोन लिटर तेल लागतं. आमच्याकडे एक लिटरची पिशवी १५० रुपयांना मिळते आणि १५ किलोचा डबा २,४०० ला. सासूबाई म्हणतात डबाच घे. मला तर डबाच महाग दिसतो. कोणाचं बरोबर?»

हिशेबात सासूबाई बरोबर आहेत, पण थोड्याशाच. पिशवी लिटरवर आहे आणि डबा किलोवर, तिथेच घोळ झालाय. एक लिटर तेलाचं वजन साधारण ९१० ग्रॅम भरतं, म्हणजे १५ किलोच्या डब्यात जवळपास साडेसोळा लिटर तेल असतं. तेवढ्या पिशव्यांचे २,४७५ रुपये होतात. डब्यात वाचले ७५.

आता हे ७५ टिकतात का ते बघा. तुमच्या वापराने डबा आठ महिने चालेल. उघडलेल्या डब्यातलं तेल जसजसं कमी होतं, तसतशी आत हवा वाढते आणि तेल खवट व्हायला लागतं. छोट्या स्वयंपाकघरात डबा बहुतेक गॅसजवळच राहतो, तिथली उष्णता त्यात भर घालते. शंका आली तर चमचाभर तेल कोमट करून वास घ्या, थंड तेलात खवटपणा लवकर कळत नाही. तळाचं अर्धा लिटर जरी टाकावं लागलं, तरी ७५ रुपये गेलेच. आणि डबा भरलेला दिसला की हात सैल सुटतो. महिन्याला फक्त चार मोठे चमचे तेल जास्त गेलं, तरी आठ महिन्यांत तेच अर्धा लिटर होतं. डबा रिक्षाने आणलात तर बोलायलाच नको.

तुमच्यासाठी पाच लिटरचा कॅन ठीक, अडीच महिन्यांत संपेल. पण तोही लिटरला १५० च्या खाली पडत असेल तरच. पाकिटावर छापलेला प्रति लिटर किंवा प्रति किलो दर एमआरपीवरून काढलेला असतो, दुकानदाराने दिलेल्या सवलतीवरून नाही. म्हणून बिलातली रक्कम भागिले वजन, हा भागाकार फोनवर स्वतःच करा. पिशव्यांचंही वजन वाचा, काही ८५० ग्रॅमच्याच असतात आणि दिसतात लिटरच्याच. अशी पिशवी १४३ ला मिळाली तर सात रुपये वाचल्यासारखं वाटतं, पण किलोला ती १६८ पडते. तुमची १५० वाली, ९१० ग्रॅमची असेल तर, १६५ ला पडते.

मीठ, साखर, कपड्यांची पावडर कोरड्या डब्यात खुशाल जास्त भरा. रवा-बेसन मात्र पावसाळ्यात महिन्यापुरतंच, नाहीतर जाळी धरून अख्खी पिशवी फेकावी लागते.

सासूबाईंना डबाच हवा असेल तर मजल्यावरच्या आणखी दोन घरांना सोबत घ्या. प्रत्येकी साडेपाच लिटर, डबा उघडल्या दिवशीच मापून घ्यायचे. वाचतील घरामागे २५ रुपये. तेवढ्यासाठी तीन घरांचा हिशेब सांभाळायचा का, ते तुम्हीच ठरवा.