एकच वचन दे, पण महागाचं दे

अनेक उत्तम आशीर्वाद.

तुझ्या बिलिंग सॉफ्टवेअरच्या पहिल्या पानाचा मसुदा वाचला. सोपं, वेगवान, सुरक्षित, परवडणारं. यातला एक तरी शब्द असा दाखव, जो समोरची जुनी कंपनी वापरू शकणार नाही! ‘आमचं अवघड आणि असुरक्षित आहे’ असं कोण म्हणतं? वचन एकच दे, आणि ते पाळताना तुला काहीतरी सोडावं लागेल असं दे.

ते वचन तुझ्याच वहीत आहे. ‘तुम्हाला काय आवडेल?’ असं विचारलंस तेव्हा दुकानदारांनी लांबलचक यादी दिली, ती बाजूला ठेव. पण ‘शेवटचं कधी अडलं आणि मग काय केलंत?’ याला एकाने काय उत्तर दिलं? नेट गेलं, काउंटरवर रांग लागली, बिलं हाताने लिहिली आणि रात्री बसून सगळी पुन्हा चढवली. माणूस ज्या त्रासासाठी रात्री जागतो, तो मिटवायला पैसेही देतो. हेच आणखी कुणी सांगितलंय का, ते पान उलटून बघ. एकट्याचंच रडगाणं असेल तर सोड. चारचौघांचं असेल तर वचन ठरलं: नेट गेलं तरी बिल थांबणार नाही.

आता या वचनाची किंमत. बिल दुकानातल्याच यंत्रावर साठलं पाहिजे, नेट आल्यावर ते सर्व्हरवर जाईल. दोन काउंटर एकाच वेळी ऑफलाइन असले तर एकच क्रमांक दोन बिलांना पडेल, म्हणून प्रत्येक काउंटरला वेगळी क्रममालिका लागेल. दुसऱ्या शाखेचा साठा मात्र तोवर जुनाच दिसणार. ज्याला तो क्षणाक्षणाला हवा, तो तुझा ग्राहक नाही, आणि हे त्याला आधीच सांग. जुन्या कंपनीचा सगळा डोलारा सर्व्हरवर असेल, तर हेच वचन द्यायला तिला पायापासून उकरावं लागेल. तुझा फायदा तिथेच आहे.

अमेरिकेतल्या फेडेक्स या कुरिअर कंपनीने १९७३ मध्ये हेच केलं. जुन्या कंपन्या पार्सलं बहुतेक प्रवासी विमानांतून पाठवत, म्हणजे वेळापत्रक प्रवाशांच्या सोयीचं. फेडेक्सने स्वतःची छोटी विमानं घेतली आणि रात्री सगळी पार्सलं मेम्फिस या एकाच शहरात आणून तिथून वाटली, मग ती दोन जवळच्या शहरांमधली का असेनात! कागदावर वेडेपणाच. पण ‘उद्या पोचेल’ हे म्हणता आलं ते त्यामुळेच.

मला हट्टी म्हणतात, ठाऊक आहे. आमच्या वचनात न बसणारी एक मोठी ऑर्डर मी परत पाठवली, त्यावरून भागीदार अजून ऐकवतो. त्याने ऐकवावं. ती घेतली असती तर पुढचं वर्षभर आमची माणसं त्या एकाच गिऱ्हाइकाच्या फर्माइशी पुरवत बसली असती. आजही ऑर्डर आली तर परतच पाठवेन.

तेव्हा एकच वचन. बाकीची वैशिष्ट्यं खालच्या पानावर टाक. नवा मसुदा मला पाठवण्याआधी त्या रात्र जागलेल्या दुकानदाराला वाचून दाखव आणि ‘हे शेजारच्या दुकानदाराला कसं सांगाल?’ असं विचार. त्याने तुझंच वाक्य स्वतःच्या शब्दांत सांगितलं तर पाठव. आणि ‘परवडणारं’ पुन्हा दिसलं, तर मी पुढे वाचणार नाही.