समेपासून मोजलं की मुखड्यापासून?

चि. मुली,
अनेक आशीर्वाद.

तुझ्या प्रबंधातलं यमनवरचं प्रकरण परभणीला पोचलं आणि काल रात्री वाचून झालं. बंदिशींची निवड चांगली आहे. पण विश्लेषणाचे परिच्छेद वाचताना बऱ्याच ठिकाणी तुझा आवाज हरवतो आणि दुसऱ्याच कुणाचा ऐकू येतो. तू मुद्दाम उचललेलं नाहीस, हे मला ठाऊक आहे. पुस्तक उघडं ठेवून, त्याच्या वाक्याकडे बघत बघत आपलं वाक्य लिहिलं की असं होतं. म्हणून आज फक्त याच एका गोष्टीबद्दल सविस्तर लिहितो.

मोकळेपणानं चिरफाड करता यावी म्हणून एक छोटा नमुना मीच रचला आहे. तीनतालातला यमनचा मुखडा आहे, खालीपासून, म्हणजे नवव्या मात्रेपासून उठणारा. भातखंडे पद्धतीनं लिहायचा तर असा:

मात्रा ९ ते १२: नि़ – रे –
मात्रा १३ ते १६: ग रे नि़ रे
सम, मात्रा १ ते ४: ग – रे –
मात्रा ५ ते ८: नि़ रे सा –

आता समज, एखाद्या अभ्यासकानं यावर असं भाष्य केलं आहे: ‘मुखडा मंद्र निषादावरून उठतो आणि समेला गंधारावर विसावतो. षड्ज थेट पंधराव्या मात्रेवर भेटतो. तोवर ऐकणाऱ्याला षड्जाची ओढ लागून राहते. अंतऱ्यात मात्र ही ओढ टिकत नाही, कारण तिथे तार षड्ज वारंवार येतो.’

तुझ्या प्रकरणातल्या पद्धतीनं हे लिहिलं तर काय होईल? ‘सदर चीजेचा मुखडा मंद्र निषादापासून सुरू होऊन समेवर गंधारावर स्थिरावतो. षड्ज पंधराव्या मात्रेवर येतो. त्यामुळे श्रोत्याच्या मनात षड्जाविषयी ओढ निर्माण होते.’ शब्द बदलले, पण वाक्यांचा क्रम तोच राहिला, निरीक्षणं तीच राहिली आणि ‘ओढ’ ही मूळ लेखकाची कल्पना बिननावाची झाली. शेवटी तळटीप दिलीस तरी ती तिसऱ्या वाक्यापुरती आहे की तिन्ही वाक्यांसाठी, हे वाचणाऱ्याला कळत नाही. हे वाङ्मयचौर्यच आहे.

त्यात एक चूकही आहे आणि ती परीक्षकाच्या लगेच नजरेत भरेल. आपण मात्रा समेपासून मोजतो. तशी पंधरावी मात्रा वर बघ, तिथे निषाद आहे. मूळ लेखकानं मुखड्याच्या उठावापासून मोजलं होतं. खालीपासून समेपर्यंत आठ मात्रा आणि समेपासून पुढे सात, म्हणून पंधरा. समेपासून मोजलं तर षड्ज सातव्या मात्रेवर आहे. ज्यानं स्वरलेखन डोळ्यांखाली घातलं असतं, त्याला हे लिहितानाच अडखळायला झालं असतं. उचललेलं विश्लेषण असंच उघडं पडतं.

मग करायचं काय? आधी पुस्तक मिट. स्वरलेखन समोर घे आणि मात्रा स्वतः मोज. एकदा गाऊनही बघ. जे दिसलं आणि ऐकू आलं ते तुझ्या वहीत लिही. त्यानंतरच पुस्तक उघड आणि तुझी नोंद त्याच्या नोंदीशी ताडून बघ. समेला गंधार आहे, षड्ज सातव्या मात्रेवर आहे, यमनात मध्यम तीव्र लागतो, या गोष्टी कुणाच्याही मालकीच्या नाहीत. त्यांना नाव लावायची गरज नाही. पण उशिरा येणाऱ्या षड्जातून ओढ तयार होते, हा एका माणसाच्या कानाचा निर्णय आहे. तो तू पूर्णपणे तुझ्या शब्दांत मांडलास तरी त्याचं नाव लागलंच पाहिजे.

असं लिहिता येईल: ‘या मुखड्यात षड्ज समेपासून सातव्या मात्रेवर प्रथम लागतो, त्याआधी निषाद, ऋषभ आणि गंधार एवढेच स्वर फिरत राहतात. अमुक लेखकाच्या मते या लांबणीमुळे षड्जाची ओढ लागते, पण ती स्थायीपुरतीच राहते.’ पहिलं वाक्य तुझं आहे, दुसरं त्याचं. जोड कुठे आहे ते वाचणाऱ्याला स्पष्ट दिसतं.

‘स्थायीपुरतीच’ हा शब्द मी मुद्दाम ठेवला आहे. तुझ्या मसुद्यात दोन ठिकाणी तू लेखकाचं कौतुकाचं वाक्य घेतलंस आणि ‘मात्र’पासून पुढचं सोडून दिलंस. अवतरणचिन्हं बरोबर आहेत, पृष्ठक्रमांकही बरोबर आहे, तरी तो लेखकावर अन्यायच आहे, कारण त्यानं घातलेली मर्यादा तू पुसून टाकलीस. त्याचं मत पटत नसेल तर आधी पूर्ण दे, मग खोडून काढ.

लेखकाचेच शब्द हवे असतील तर अक्षर न बदलता घे आणि तुझा खुलासा चौकोनी कंसात घाल: ‘षड्ज थेट पंधराव्या मात्रेवर [मुखड्यापासून मोजून, समेपासून सातव्या] भेटतो.’ तो चुकला असं गुपचूप ठरवून ‘सातव्या’ असं दुरुस्त करू नकोस. स्वरलेखनाचंही तसंच. क्रमिक पुस्तकातली बंदीश पलुस्कर पद्धतीत लिहिलीस तर ‘लिप्यंतर माझे’ असं खाली नोंदव. तुझ्या गुरुजींनी शिकवलेला मुखडा छापील मुखड्यापेक्षा वेगळा असेल, तर भाष्य कोणत्या पाठावर आहे ते आधी सांग; एका पाठावरचं भाष्य दुसऱ्या पाठाला चिकटवलं की मात्रांचा हिशेब जुळत नाही.

भातखंडे १९३६ मध्ये गेले. आपल्याकडे कॉपीराइट लेखकाच्या निधनानंतर ६० वर्षं टिकतो, म्हणून त्यांचं स्वरलेखन छापायला कुणाची परवानगी लागत नाही. नाव देण्यातून मात्र त्यामुळे सुटका होत नाही. त्या दोन गोष्टींची गल्लत करू नकोस.

शार्ङ्गदेवाबद्दलच्या पानावर मला जरा वाईट वाटलं. तो आपल्या देवगिरीचा, सिंघण यादवाच्या दरबारातला, तेराव्या शतकातला. तू ‘संगीतरत्नाकरात म्हटले आहे’ म्हणून जे दिलंस, ते एका आधुनिक मराठी पुस्तकातून घेतलेलं दिसतं, आणि त्या पुस्तकात मूळ श्लोक आणि कल्लिनाथाची टीका एकत्र मिसळली आहे. कल्लिनाथ विजयनगरचा, पंधराव्या शतकातला. दोघांत जवळपास दोन शतकांचं अंतर आहे आणि त्या काळात संगीतही बदललं होतं. टीकाकाराचं म्हणणं शार्ङ्गदेवाच्या तोंडी घालता येत नाही. टीकेसह छापलेली प्रत बघ, अध्याय आणि श्लोकाचा क्रमांक दे, आणि टीका असेल तर ‘कल्लिनाथाच्या मते’ असं लिही. प्रत मिळालीच नाही, तर ‘अमुक पुस्तकात उद्धृत’ असं सरळ लिही. त्यात कमीपणा काही नाही.

विद्यापीठात सॉफ्टवेअरनं साम्य तपासतील. युजीसीच्या २०१८ च्या नियमांत १० टक्क्यांपर्यंतच्या साम्याला दंड नाही, म्हणून मुलं तेवढा आकडा गाठायच्या मागे लागतात. सॉफ्टवेअर शब्द जुळवून बघतं. वरच्या नमुन्यातली बदललेल्या शब्दांची तीन वाक्यं त्याच्या चाळणीतून सहज निसटू शकतील. यमन गाणाऱ्या परीक्षकाच्या हातून ती निसटणार नाहीत.

सुधारलेलं प्रकरण पाठवशील तेव्हा प्रत्येक बंदिशीच्या पानाची झेरॉक्स जोड, आवृत्तीच्या पानासकट. मी मात्रा मोजून बघेन.

तुझे,
सर